क्रिकेटचे पांढरे आणि टेनिसचे पांढरे: कापड, कॉलर, बेत आणि ड्रेस कोड बघून सेट कसा करायचा

क्रिकेटचा तो जुना लोकरीचा स्वेटर घ्या, क्रीम रंगाचा, केबल विणीचा, व्ही गळ्याला आणि खाली कमरेला क्लबच्या रंगाची पट्टी असलेला. मैदानावर यापेक्षा रुबाबदार कपडा नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पण हाच स्वेटर घालून विम्बल्डनच्या कोर्टवर गेलात तर एकदम तीन ठिकाणी नियम मोडतो. रंग क्रीम आहे, तो त्यांना पांढरा म्हणून चालत नाही. गळ्याची पट्टी एक सेंटिमीटरपेक्षा रुंद आहे. आणि कमरेची पट्टी पाठीमागेही फिरते, तिथे मात्र पाठ पूर्ण पांढरीच लागते. लांबून सारखे दिसणारे हे दोन पांढरे मुळात दोन वेगळे पोशाख आहेत, आणि लोक एकाच दुकानातून एकच सेट घेऊन दोन्हीकडे वापरायला जातात तिथेच गडबड सुरू होते.

माझ्या भाच्याला यंदा दोन्ही लागले. तो मीडियम पेस टाकतो, कांगा लीग खेळणाऱ्या एका क्लबात आहे, आणि शिवाय एका जिमखान्यात टेनिसला जायला लागलाय जिथे कोर्टवर पांढरंच घालायचं असं बोर्डवर लिहिलंय. त्याचा सेट करताना जे जे बघितलं ते त्याच क्रमाने सांगतो.

आधी नियम वाचा, कापड नंतर

टेनिसचं पांढरं एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधून आलं. घामाचे डाग रंगीत कपड्यावर उठून दिसतात, पांढऱ्यावर कमी, आणि तेव्हा घाम दिसणं हे वाईट समजलं जायचं, त्यातही बायकांच्या बाबतीत जास्तच. पुढे बाकीच्या स्पर्धांनी रंग आणले पण विम्बल्डनने उलट दोरी आवळत नेली. १९६३ मध्ये ‘प्रामुख्याने पांढरं’ असा नियम केला, १९९५ मध्ये तो ‘जवळजवळ पूर्ण पांढरं’ झाला आणि २०१४ मध्ये बारीकसारीक गोष्टी लिहून टाकल्या. आंद्रे अगासी १९८८ ते १९९० तिकडे फिरकलाच नाही, त्याच्या कारणांत हा ड्रेस कोड पण होता, आणि १९९१ ला आला तो नखशिखांत पांढऱ्यात. २०१३ मध्ये फेडररच्या बुटांचे सोल नारिंगी होते, पुढच्या मॅचला ते बूट घालू नको असं त्याला सांगितलं गेलं, म्हणजे तोवर सात वेळा जिंकलेल्या माणसालाही सूट नाही.

आज त्या नियमांचं सार असं आहे. ऑफ व्हाइट आणि क्रीम म्हणजे पांढरं नाही. गळ्याला आणि बाहीच्या टोकाला रंगाची एक किनार चालते पण ती १ सेंटिमीटरच्या आत हवी, आणि नक्षीत रंग असेल तर तीही सलग रंग धरूनच मोजतात. पाठ संपूर्ण पांढरी. शॉर्ट्सच्या बाहेरच्या शिलाईवर एक किनार चालते, तीही तेवढीच. टोपी, हेडबँड, मनगटपट्टी, मोजे सगळं पांढरं, फार तर तेवढीच एक किनार, आणि बूट सोलसकट जवळजवळ पूर्ण पांढरे. आतले कपडे खेळताना दिसत असतील किंवा घामाने कापड ओलं होऊन दिसायला लागत असतील तर तेही पांढरे. यात एक सुधारणा २०२३ पासून आली, महिला खेळाडूंना गडद रंगाच्या अंडरशॉर्ट्स घालता येतात, फक्त त्या वरच्या शॉर्ट्स किंवा स्कर्टपेक्षा लांब नकोत. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या कपड्यांचं केवढं टेन्शन असतं हे खेळाडू कधीपासून सांगत होत्या, ही सुधारणा खूप आधी व्हायला हवी होती.

क्रिकेटचं तसं नाही. क्रिकेटचे कायदे करणाऱ्या लंडनच्या एमसीसी क्लबने त्यांत कपड्याचा रंग ठरवलेला नाही, तो त्या त्या स्पर्धेच्या नियमांत असतो. लाल बॉल पांढऱ्या साइटस्क्रीनसमोर आणि पांढऱ्या कपड्यांसमोर नीट दिसतो हे त्यामागचं व्यवहारी कारण. रंगीत कपडे आणि पांढरा बॉल हे ऑस्ट्रेलियातल्या टीव्हीवाल्या केरी पॅकरच्या वर्ल्ड सिरीज स्पर्धेने आणलं, वनडे वर्ल्डकप मात्र १९८७ पर्यंत पांढऱ्यातच झाला, आपल्याकडे झालेला तो शेवटचा पांढरा वर्ल्डकप, १९९२ पासून रंग आले. टेस्टमध्ये पांढरं टिकलं, २०१९ च्या ॲशेसपासून पाठीवर नाव आणि नंबर आले तेवढंच. क्रीम चालतं, किंबहुना जुन्या चालीचं क्रिकेट म्हणजे क्रीमच, कारण न रंगवलेली लोकर मुळात त्याच रंगाची असते.

कायद्यात रंग नसला तरी कपड्याबद्दल दोन गोष्टी आहेत आणि त्या शिंप्याकडे जाण्याआधी माहीत हव्यात. फील्डरने शर्ट किंवा स्वेटर हाताने ताणून त्यात बॉल अडवला तर समोरच्या टीमला ५ पेनल्टी रन. आणि बॉल बॅट्समनच्या कपड्यात अडकला तर तो डेड होतो. म्हणजे ढगळ ठीक, पण झोळीसारखं लोंबणारं नको.

शेड दिवसाच्या उजेडात बघा

दुकानातल्या ट्यूबखाली सगळी पांढरी कापडं छान दिसतात. बाहेर उन्हात आणा म्हणजे एक निळसर चमकतं, एक पिवळट दिसतं, एक खडूसारखं. निळसर चमकणाऱ्यात ऑप्टिकल ब्राइटनर असतो, तो उन्हातली अतिनील किरणं शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतो म्हणून कापड पांढऱ्याहून पांढरं भासतं. शर्ट असा चमकता आणि पॅन्ट क्रीम असली की पॅन्ट मळकी वाटायला लागते, धुतलेली असली तरी. म्हणून आधी ठरवा की सेट क्रीम करायचाय की पांढराशुभ्र, आणि शर्ट-पॅन्टचे तुकडे एकावर एक ठेवून दुकानाच्या दारात बघूनच घ्या. टेनिससाठी प्रश्नच नाही, शुभ्रच. क्रिकेटसाठी भाच्याने क्रीमकडे झुकणारं घेतलं आणि मला ते बरं वाटलं, कारण मैदानावरच्या मातीने शुभ्र कापड असंही दोन महिन्यांत त्याच रंगावर येतं.

मग आरपार किती दिसतं ते बघायचं. कापडाच्या एका पदराखाली हात धरा, बोटं वेगवेगळी मोजता आली तर पॅन्टसाठी ते बाद. शर्टाला थोडं चालतं.

कापड

जुनी पॅन्ट म्हणजे फ्लॅनेल, लोकरीचं, वरून किंचित लव असलेलं, म्हणून तर इंग्रज खेळाडू क्रिकेटच्या कपड्यांनाच फ्लॅनेल्स म्हणायचे. इंग्लंडच्या हवेत ते भारी, घाम शोषतं, सुरकुती पडत नाही, पडतंही अंगावर छान. मुंबईत त्याचा उपयोग नाही, जूनमध्ये भिजलेलं लोकरीचं फ्लॅनेल वाळायला किती वेळ लागेल याचा विचार करा.

आपल्याकडे दोन पर्याय खरे. सुती ड्रिल जाड, तिरक्या विणीचं, डाइव्ह मारली तरी फाटत नाही, घाम पितं, पण पाणी पण तितकंच पितं आणि ओलं झालं की जड होतं. टेरीकॉट, म्हणजे पॉलिस्टर आणि सुताचं मिश्रण, पटकन वाळतं, इस्त्री टिकते, पण हवा कमी खेळते. डिसेंबरात खेळणाऱ्याने ड्रिल घ्यावं असं मी सांगेन. कांगा लीग १९४८ पासून मुद्दाम पावसाळ्यातच खेळतात, ओल्या आउटफील्डवर, तिथे टेरीकॉटच बरं. रेडिमेड मिळतात ते बहुतेक पॉलिस्टर निटचे, हलके आणि स्वस्त, शाळेच्या टीमसाठी पुरेसे, पण घोट्यापाशी स्पाइकमध्ये अडकून धागे निघतात आणि त्यांना पॅन्टची धार राहत नाही, ट्रॅकपॅन्ट घातल्यासारखं दिसतं.

शर्टाला मात्र मी सुतीच म्हणेन, पावसाळ्यातसुद्धा, कारण तो अंगाला चिकटतो आणि सुती चिकटलेलं सहन होतं. मध्यम वजनाचं ट्विल किंवा ऑक्सफर्ड विणीचं घ्यावं, पॉपलिन पातळ पडतं.

५८ इंच पन्ह्याचं पॅन्टला सव्वा मीटर आणि फुल शर्टाला पावणेदोन मीटर घेतलं, वर दोन्हीला दहा-दहा सेंटिमीटर जास्त. ते जास्तीचं आटण्यासाठी. सुती कापड पहिल्या धुण्यात ४ टक्के सहज आटतं, ४१ इंच लांबीच्या पॅन्टला ४ टक्के म्हणजे दीड इंचाहून जास्त, आणि पांढऱ्या पॅन्टखालून मोजे दिसायला लागले की सगळा डौल गेला. म्हणून बेतण्याआधी कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, इस्त्री करा आणि मगच टेलरकडे द्या. टेरीकॉट कमी आटतं तरी भिजवाच.

पॅन्टचा बेत

भाच्याची मापं कमर ३२, सीट ३८, लांबी ४१. मास्टरनी नेहमीच्या सवयीने खाली कमरेवर बसणारी, निमुळती पॅन्ट लिहून घेतली होती. मी म्हटलं, “मास्टर, हा बॉलर आहे, वाकणार, उडी मारणार, ही चालायची नाही.” ते म्हणाले, “मग कुठे बसवू, बेंबीवर?” खरंच तिथेच बसवायची. क्रिकेटची पॅन्ट उंच बसली की शर्ट बाहेर येत नाही, कारण शर्टाचा खालचा भाग धरून ठेवायला जागा मिळते. कंबरपट्टीच्या आत रबरी पकडीची टेप लावून घ्या, शर्ट-पॅन्टच्या दुकानात सुटी मिळते.

सीटला तयार माप ४२ ठेवलं, म्हणजे चार इंच सैल, आणि पुढे प्रत्येक बाजूला एक प्लेट. प्लेट दिसायला जुनी वाटते पण वाकल्यावर तीच उघडते आणि शिलाईवर ताण येत नाही. दोन पायांच्या शिलाया मिळतात तिथे दुहेरी शिलाई मागा, बॉलरच्या पॅन्टी तिथेच फाटतात. गुडघ्याला फार घेर नको, वर पॅड बांधायचं असतं आणि पट्ट्यांखाली कापड गोळा होऊन टोचतं. खाली बॉटमला १७ इंच गोल घेर पुरतो, बुटावर नीट पडतो. लांबी बूट घालून मोजायची, मागे टाचेच्या वरच्या कडेपर्यंत, जमिनीला टेकली की स्पाइक स्वतःच्याच दुमडीत अडकतो. बाहेरून घडी घालायची फॅशन काहींना आवडते, तिच्यात मैदानाची माती साठते, नकोच.

खिशाचं अस्तर पांढरं टाकू नका. ऐकायला उलटं वाटेल, पण पांढऱ्या पॅन्टमधून पांढरं अस्तर जास्त उठून दिसतं, मांडीवर चौकोनी ठसा येतो. अंगाच्या रंगाच्या जवळचं फिकट बदामी अस्तर लावलं की ते हरवून जातं. आतल्या कपड्यांनाही क्रिकेटमध्ये हेच लागू. टेनिसला मात्र विम्बल्डनचा नियम वेगळा हे वर सांगितलंच.

शर्ट आणि कॉलर

छाती ३८ ला तयार माप ४४ ठेवलं. ऑफिसच्या शर्टापेक्षा दोन-तीन इंच जास्त. लांबी ३२, नेहमीपेक्षा तीन इंच जास्त. पण खरी गोष्ट मुंढ्याची, म्हणजे खांद्याला बाही जोडते त्या गोल कापाची आहे. बहुतेक टेलर सैल म्हणजे मुंढा खोल असं समजतात आणि तो खाली उतरवतात. मुंढा खाली गेला की हात वर करताना अख्खा शर्ट बाहीबरोबर वर ओढला जातो. मुंढा काखेजवळ, वर ठेवायचा आणि बाहीला मात्र दंडावर घेर द्यायचा, मग हात फिरतो आणि शर्ट जागेवर राहतो. ट्रायलला शर्ट खोचा, दोन्ही हात कानाला लागतील इतके सरळ वर न्या, आणि बघा. तरीही तीन इंच शर्ट आत राहायला हवा. भाच्याचा पहिल्या ट्रायलला राहिला नाही, मुंढा एक इंच वर घेतला तेव्हा राहिला.

बाही पूर्ण, कफला बटण. उन्हात खाली, बॉलिंगला कोपरापर्यंत गुंडाळलेली. गुंडाळल्यावर खाली घसरत असेल तर कफचा घेर जास्त झालाय.

कॉलर मऊ हवी. टेलर सवयीने आत चिकटवायचं कडक अस्तर, म्हणजे बकरम टाकतात, घाम आणि धुणं यांनी ते काही महिन्यांत सुटतं आणि कॉलरवर फोड येतात, मग कितीही इस्त्री करा, जात नाहीत. न चिकटवता शिवून लावलेलं सुती बकरम मागा, शिलाई थोडी जास्त पडेल. कॉलरच्या पट्टीची उंची मागे दीड इंच तरी असावी, कारण ती स्लिपमध्ये तासन् तास उभं राहताना मानेवर ऊन नको म्हणून वर करायची असते आणि बुटकी कॉलर उभीच राहत नाही.

स्वेटर आपल्या हवेत बिनबाह्यांचा पुरतो. घेताना शर्टावरच घालून बघा, व्हीचा खालचा कोन शर्टाच्या दुसऱ्या बटणाच्या आसपास यावा आणि कॉलर वर सहज निघावी. केबलचे पीळ नुसते शोभेचे नाहीत, विणीची जाडी वाढून त्यात हवा अडकते म्हणून तो गरम राहतो. आणि म्हणूनच आपल्याकडे तो सकाळच्या पहिल्या तासापुरताच.

टेनिसचा सेट

इथे शिवत बसू नका, विकत घ्या, कारण टेनिसच्या शर्टाची सगळी गंमत विणलेल्या कापडात आहे. १९२० च्या दशकापर्यंत पुरुष टेनिससुद्धा कडक कॉलरच्या, लांब बाह्यांच्या शर्टात आणि फ्लॅनेलच्या पॅन्टमध्ये खेळायचे. फ्रेंच खेळाडू रने लाकोस्त १९२६ ला अमेरिकन चॅम्पियनशिपमध्ये अर्ध्या बाह्यांचा, सुती पिके विणीचा शर्ट घालून उतरला, पुढे १९३३ मध्ये आंद्रे जिलिए या होजियरीवाल्याबरोबर त्याने तो विकायला काढला. शॉर्ट्स इंग्लंडच्या बनी ऑस्टिनने १९३२-३३ च्या सुमारास आणल्या. बायकांमध्ये सुझान लांग्लेनने १९१९ ला विम्बल्डनवर पोटरीपर्यंतचा, कॉर्सेटशिवायचा हलका फ्रॉक घालून बघणाऱ्यांना हादरवलं होतं आणि जिंकलीही होती.

पिके म्हणजे ज्याच्यावर बारीक उंचवटे, मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते ते. उंचवट्यांमुळे कापड अंगाला पूर्ण टेकत नाही आणि घामाने ओलं झालं तरी आरपार दिसत नाही, साध्या बनियनच्या विणीचं लगेच दिसतं. हे दुकानातच तपासता येतं, बाहीच्या कोपऱ्याला पाण्याचं एक बोट लावा आणि त्वचेवर ठेवून बघा. वजन साधारण २०० ते २२० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम, असलेलं चांगलं.

कॉलर रिबची, वेगळी विणलेली, दोन-तीन बटणांची छोटी पट्टी. घेण्याआधी कॉलर मुठीत चुरगळा आणि सोडा, टोकं वळून तशीच राहिली तर धुतल्यावर कुरळी होणार. मागची बाजू पुढच्यापेक्षा लांब असते तिला टेनिस टेल म्हणतात, सर्व्हिसला हात वर गेला तरी शर्ट खोचलेला राहावा म्हणून ती असते, म्हणजे क्रिकेटमध्ये जे काम आपण लांबी आणि मुंढ्याने केलं तेच इथे शेपटीने होतं. पुढे-मागे सारखी लांबी असलेला पोलो बाहेर सोडून घालायला असतो, टेनिससाठी नाही.

मग पट्टी घेऊन मोजायला बसायचं. भाच्याने आणलेल्या शर्टाच्या कॉलरला दोन निळ्या रेघा होत्या, प्रत्येकी ४ मिलिमीटर, मध्ये ३ मिलिमीटर पांढरं. त्याचं म्हणणं रंग आठच मिलिमीटर झाला. पण विम्बल्डनला किनार एकच चालते आणि नक्षी सलग धरतात, म्हणजे ११ मिलिमीटर, तिथे बाद. जिमखान्याच्या बोर्डवर मात्र फक्त पांढरा आणि कॉलरचा शर्ट एवढंच होतं, तिथे तो चालला. आपल्या क्लबचा नियम असा विचारूनच घ्या, ऑफिसमध्ये लेखी असतो. गोल गळा, बिनबाह्या, पाठीवर मोठा लोगो याच तीन गोष्टींवर जास्त करून अडवतात. गुडघ्याचा बेल्ट लागत असेल तर पांढरा बघा, विम्बल्डनसुद्धा वैद्यकीय गरज असेल तर रंगीत चालवून घेतं.

धुणं

चिखल ओला असताना चोळू नका. आत शिरतो. पूर्ण वाळू द्या, ब्रशने झटका, मग थंड पाण्यात. गवताचा हिरवा डाग एन्झाइमवाल्या डिटर्जंटच्या घट्ट पेस्टमध्ये अर्धा तास ठेवा, गरम पाणी आधी लावलंत तर तो बसतो. बॉलचा लाल डाग, बॉलरच्या मांडीवरचा, लिक्विड साबणाने फिकट होतो, पूर्ण जाईलच असं नाही, आणि खरं सांगायचं तर तो तिथे शोभतो. कृत्रिम काही न लावता कपड्यावर बॉल चमकवणं कायद्यात बसतं, तेव्हा तो डाग प्रामाणिक कामाचा आहे.

क्लोरीनचं ब्लीच शुद्ध सुती शर्टाला क्वचित, आणि तेही पातळ करून. लोकरीला कधीच नाही, लोकर पिवळी पडते आणि विरते, लवचिक धागा असलेल्या शॉर्ट्सही पिवळ्या पडतात. काखेतला पिवळा डाग घाम आणि डिओमधलं ॲल्युमिनियम यांचा असतो, त्यावर ब्लीच टाकलं तर अजून गडद होऊ शकतो. नीळ फक्त टेनिसच्या सेटला, ती पण बादलीत आधी नीट विरघळवून. क्रीम सेटला नीळही नको आणि ब्राइटनरवालं डिटर्जंटही नको, नाहीतर पॅन्ट हळूहळू निळसर होत जाते आणि स्वेटर क्रीमच राहतो. स्वेटर थंड पाण्यात लोकरीच्या लिक्विडने हलकेच दाबून धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा आणि आडवा पसरून सावलीत वाळवा. दोरीवर टांगला तर केबलचे पीळ स्वतःच्या ओल्या वजनाने खाली ओढले जातात आणि कमरेची पट्टी मांडीवर येते.